ट्रेचं कोटिंग लवकर जातंय? या चुका टाळा

एका बेकरीच्या मालकांनी ई-मेलवर विचारलंय: रोजच्या कामात कोणतं कोटिंग, कोणती सिलिकॉन मॅट आणि कोणता कागद सगळ्यात जास्त टिकतो? त्यांच्याकडे 20 ट्रे आहेत, प्रत्येक ट्रे दिवसाला चार वेळा ओव्हनमध्ये जातो आणि महिन्याचे 25 दिवस काम चालतं. म्हणजे एका ट्रेवर महिन्याला 100 घाणे. टिकाऊपणा असाच, घाण्यांत मोजावा. महिन्यांत मोजला की फसगत होते, कारण घरच्या ओव्हनला वर्षभर पुरणारी वस्तू बेकरीत पंधरा दिवसांत संपते.

या हिशोबाने पाहू. ब्रेडच्या साच्यांवर येणारं सिलिकॉनचं ग्लेझ साधारण काहीशे घाणे चालतं, म्हणजे तुमच्याकडे तीन-चार महिने. फ्लोरोपॉलिमरचं, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं, चांगलं औद्योगिक कोटिंग नीट वापरलं तर हजाराच्या पुढे जातं, म्हणजे दहा महिने ते वर्ष आणि त्याहून जास्त. आत काचेच्या धाग्याची जाळी असलेली चांगली सिलिकॉन मॅट दोन हजारांच्या आसपास. आणि कोटिंग नसलेला जाड ॲल्युमिनियमचा साधा ट्रे? त्याला आकडा नाही, तो वर्षानुवर्षं चालतो. बिस्किटांसाठी माझी पसंती तीच: साधा जाड ट्रे आणि वर बेकिंग पेपर किंवा मॅट. कोटिंगचे पैसे ब्रेडच्या साच्यांवर खर्च करा, कारण उभ्या बाजूंना कागद नीट बसत नाही.

पण हे सगळे आकडे नीट वापरणाऱ्याचे आहेत. मी पाहिलेली बहुतेक कोटिंगं भट्टीने मेली नाहीत, ती धुण्याच्या जागी मेली. आणि त्याची सुरुवात तेलाने झाली.

नॉनस्टिक साच्याला रोज तेल लावणं, ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. आमच्याकडे एकदा ब्रेडचे नवे कोटिंगचे साचे आले. हाताखालच्या मुलाला जुनी सवय होती, तो ब्रशने प्रत्येक साच्याला तेल फिरवायचा. पहिले तीन आठवडे ब्रेड सुरेख निघाले. मग कोपऱ्यांत चिकटायला लागले. तळ स्वच्छ सुटायचा, कोपरा मात्र तुटून साच्यात राहायचा. त्याने काय केलं? तेल वाढवलं. मी साचा गरम असताना हातमोजा काढून काठावर सावधपणे बोट टेकवलं, तर ते चिकटलं. तपकिरी, डिंकासारखा थर होता तो. कोटिंग शाबूत होतं, त्याच्यावर तेल बसलं होतं. पातळ तेल पुन्हा पुन्हा तापलं की हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होत जातं आणि त्याचा वार्निशसारखा पापुद्रा बनतो. ब्रेड त्या पापुद्र्याला चिकटत होता. लेसिथिन असलेल्या स्प्रेने तर हा चिकटा आणखी लवकर जमतो.

इथपर्यंत सगळं वाचवता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी येण्याआधी कुणीतरी ते साचे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले होते. सकाळी तेल गेलं होतं, पण त्यासोबत साचेही गेले होते. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं. जिथे जिथे कोटिंगला बारीक ओरखडा होता तिथून पाणी आत शिरलं, खालचा धातू झिजला आणि कोटिंग पापुद्र्यासारखं उचललं गेलं. काठ काळवंडले, तळाला बारीक खड्डे पडले. दोन महिनेही न वापरलेले ते साचे पुन्हा कोटिंगला पाठवावे लागले. यात त्या मुलाचा दोष मी मानत नाही, पहिल्याच दिवशी हे साचे तेलाशिवाय चालतात असं मी त्याला सांगायला हवं होतं.

आता माझी पद्धत अशी. फ्लोरोपॉलिमरच्या साच्याला तेल नाही, अजिबात नाही. सिलिकॉन ग्लेझला जास्त साखरेच्या मालासाठी तुपाचा किंवा तेलाचा अगदी हलका हात लागतो, तोही कापडाने पुसून, ब्रशने नाही. साचा कोमट असतानाच मऊ कापडाने पुसायचा. चिकटलं असेल तर गरम पाण्यात सौम्य साबण घालून अर्धा तास भिजवायचं आणि मऊ स्पंजने काढायचं. तारेची घासणी आणि चाकूचं टोक साच्याजवळ फिरकता कामा नये. घाई करणाऱ्यांना हा अर्धा तास जड वाटतो, पण नवं कोटिंग करायला साचे बाहेर गेले की आठवडाभर काम अडतं.

ॲल्युमिनियमचा कोटिंग नसलेला ट्रेही तीव्र अल्कलीच्या साबणाने, म्हणजे भांडी धुण्याच्या यंत्राच्या पावडरीने, काळा पडतो. तोही हातानेच धुवा.

दुसरी माझी जुनी तक्रार मॅटबद्दल आहे. मॅटवर बिस्किटांचा तळ थोडा फिका येतो, कारण रबराच्या थरातून उष्णता उशिरा पोहोचते. नवशिके यावर उपाय म्हणून ओव्हन 20-30 अंशांनी वाढवतात. बहुतेक मॅट 230 ते 250 अंश सेल्सियसपर्यंतच्याच असतात आणि ओव्हनच्या मागच्या कोपऱ्यातलं तापमान काट्यापेक्षा जास्त असू शकतं. मग मॅट कडा वळवते, तडकते, करपट वास देते. तापमान तेच ठेवा आणि दोन-तीन मिनिटं जास्त भाजा, किंवा ब्रेडसाठी जाळीदार मॅट घ्या. मॅटवर सुरी किंवा कटर कधीही चालवू नका आणि ट्रेच्या मापाला ती कात्रीने कापू नका. आतला काचेचा धागा उघडा पडला की ती मॅट फेकायचीच, कारण ते तुकडे मालात जाऊ शकतात. घडी घालू नका, सपाट ठेवा किंवा सैल गुंडाळा. तेलकट वाटली तर गरम पाणी आणि साबण, नंतर रिकामीच ओव्हनमध्ये दहा मिनिटं कोरडी करा.

पातळ तपकिरी टेफ्लॉनचं कापड मात्र मापाला कापलं तरी चालतं. ते साधारण 260 अंशांपर्यंत चालतं, पण घडी पडली की तिथूनच फाटतं.

बेकिंग पेपर घेताना सिलिकॉन लावलेलाच घ्या. मेणाच्या कागदावरचं मेण ओव्हनमध्ये वितळतं. दोन्ही बाजूंना सिलिकॉन असलेला कागद सुक्या बिस्किटांवर तीन-चार वेळा चालतो. तपकिरी होऊन कडकडू लागला की बदला.

गरम ट्रे एकमेकांवर रचू नका. रचायचेच असतील तर मध्ये कागद ठेवा.

रिकामा टेफ्लॉनचा ट्रे कधीही ज्वाळेवर किंवा तापत्या भट्टीत विसरू नका. 260 अंशांच्या बऱ्याच वर गेला की कोटिंग विषारी धूर सोडतं.

आणि एक सवय लावून घ्या. प्रत्येक साच्याच्या बाहेरच्या बाजूला कोटिंगचा महिना खुणेने कोरा आणि भिंतीवरच्या वहीत घाणे मोजा. कोपऱ्यातला ब्रेड सलग तीन दिवस तुटू लागला, तर आधी साचा गरम पाण्यात भिजवून चिकटा आहे का पाहा. चिकटा निघूनही ब्रेड तुटत असेल आणि कोटिंगमधून खालचा चकाकता धातू दिसत असेल, तर तो साचा बाजूला काढून नव्या कोटिंगसाठी पाठवा. तुमच्या वहीत तोपर्यंत किती घाणे झाले, तो तुमच्या बेकरीचा खरा आकडा.