दहा मिनिटांचा पोवाडा कसा उभा करावा : पावनखिंडीचा प्रसंग घेऊन

शिवजयंतीला किंवा गणपतीत मंडळाची पोरं पोवाडा करायचा ठरवतात, फेटे येतात, डफ येतो, आणि पहिल्याच ओळीला शाहीर आवाजाचं टोक गाठतो. तिसऱ्या चौकाला घसा बसलेला असतो. समोरच्यांना जोश कळतो, पण कोण कुठे लढलं ते कळत नाही. पोवाडा म्हणजे गायलेली गोष्ट, हे एकदा मान्य केलं की पुढचं काम बरंच सरळ होतं. चार-पाच जणांच्या फडाला दहा मिनिटांचा पोवाडा स्वतः रचून कसा सादर करता येईल, ते इथे पावनखिंडीच्या प्रसंगावर दाखवतो.

एकच रात्र घ्या

शिवाजी महाराजांचं सगळं चरित्र दहा मिनिटांत बसवायला गेलात तर नुसती नावांची यादी होते. जुन्या शाहिरांनी एकेक प्रसंग धरला. अज्ञानदासाने अफजलखानाचा वध घेतला, तुळशीदासाने तानाजीचा सिंहगड. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली छापलेला जुन्या पोवाड्यांचा संग्रह मिळाला तर चाळून बघा. गोष्ट किती बारीक तपशिलांनी पुढे सरकते ते त्यात दिसतं.

आपला प्रसंग 12 आणि 13 जुलै 1660चा. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, भर पावसात महाराजांचं निसटणं, शिवा काशीदची पालखी, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळे, शेवटी विशाळगडावरून तोफांचे बार. यातला एक तपशील हमखास चुकतो. ‘अवसेची काळी रात’ असं लिहायचा मोह होतो, पण ती आषाढी पौर्णिमा होती. चंद्र होता, तो ढगांनी झाकला. हे खरं चित्र खोट्या अवसेपेक्षा ओळीत जास्त उठून दिसतं.

आता प्रसंगाचे चार चौक पाडा : वेढा आणि सुटका, पाठलाग, खिंडीतली झुंज, तोफांचे बार. चौक म्हणजे पोवाड्याचं कडवं. दोन चौकांच्या मध्ये गद्य येतं आणि झुंजीच्या ठिकाणी कटाव. सुरुवातीला जगदंबेला नमन असतं, ते दोन ओळींत उरका.

ओळ श्वासाने मोजा

मात्रा मोजत बसायची गरज नाही. ओळ उभ्याने, मोठ्या आवाजात, एका दमात म्हणा. शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच ठणठणीत आला पाहिजे. तो गिळला जात असेल तर ओळ लांब झाली आहे. एक शब्द काढा. पहिला चौक असा काहीसा होईल :

आखाडाची पुनव, परी चंद्र दडला ढगांत ।
पाऊस कोसळं, वारा भणाणं, वीज कडाडं नभात ।
पन्हाळ्यावरून निघाली पालखी काळोखात ।
सहाशे गडी राजासंगं, चिखल तुडवीत रानात ॥
जी जी रं जी जी ॥

चारही ओळींच्या शेवटी एकच यमक आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला ते लागतं आणि पुढच्या ओळीची वाट बघायला लावतं. प्रत्येक ओळीत एक दिसणारी गोष्ट आहे : ढग, वीज, पालखी, चिखल. ‘शूर’, ‘धन्य’, ‘पराक्रमी’ अशी विशेषणं चौकात एखादंच ठेवा. बाजीला शूर म्हणून काही होत नाही, तो खिंडीत उभा राहिलेला दिसला पाहिजे.

झील ही शाहिराची दम घ्यायची जागा

पोवाड्याचा सगळा डोलारा झीलकऱ्यांवर असतो, आणि तालमीत सगळ्यात कमी लक्ष त्यांच्याकडेच जातं. शाहीर ओळ सोडतो, झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत ती उचलून धरतात, आणि तेवढ्या वेळात शाहीर पोटभर श्वास घेतो. म्हणून झील कधी उशिरा येऊन चालत नाही. ओळीचं शेवटचं अक्षर संपतंय तोवर ती सुरू झाली पाहिजे, आणि ताणलेलं ‘जी’ संपल्याशिवाय शाहिराने पुढची ओळ घेऊ नये. नवखे फड इथेच अडखळतात. शाहीर उत्साहात पुढची ओळ झीलेवरच चढवतो, तिचे पहिले दोन शब्द गडप होतात, आणि नेमकं नाव त्या दोन शब्दांत असतं.

एक तालीम नुसती यासाठीच ठेवा. वाद्यं बाजूला ठेवून फक्त ओळ आणि झील म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ज्याने पोवाडा वाचलेला नाही अशा कोणाला तरी ऐकवा. त्याला कुठला शब्द कळला नाही ते विचारा, तिथे खूण करा.

सगळ्याच ओळींना झील देऊ नका. पहिल्या चौकात दोन-दोन ओळींनंतर, झुंजीच्या चौकात प्रत्येक ओळीला. झील दाट झाली की गोष्ट तापते, आवाज चढवावा लागत नाही.

डफ, तुणतुणं, झांज

डफ बहुतेक वेळा शाहिराच्याच हातात असतो. कातडी डफ पावसाळी हवेत सैल पडतो आणि त्याचा आवाज ‘भद्द’ येतो. कार्यक्रमाच्या आधी तो आगीच्या धगीवर, ज्वाळेपासून दूर, फिरवत शेकवावा. बोटाने टिचकी मारली की कोरडा, टणत्कार देणारा नाद आला पाहिजे. एकाच जागी धरून ठेवलात तर कातडं तडकतं. कार्यक्रम लांबला तर डफ पुन्हा उतरतो, म्हणून शेकायची सोय मंचामागे हवी. स्क्रूने ताणायचा प्लॅस्टिक पडद्याचा डफ मिळतो, त्याला ही कटकट नाही. त्याचा आवाज मला जरा पत्र्यासारखा वाटतो, पण पाऊस असेल तर मीही तोच घेईन.

तुणतुण्याची एकच तार शाहिराच्या षड्जाला लावायची. आधी पट्टी ठरवा, तीही पोवाड्यातल्या सगळ्यात उंच ओळीवरून. ती ओळ सलग तीनदा म्हणून घसा खरवडला तर पट्टी अर्ध्या सुराने खाली आणा. स्त्री शाहीर असेल तर तिची पट्टी वेगळी निघेल. पुरुषांच्या पट्टीत तिला ओढू नका, झीलकऱ्यांनाच जुळवून घेऊ द्या. झांज एका झीलकऱ्याकडे, तुणतुणं दुसऱ्याकडे, आणि ढोलकीवाला मिळाला तर उत्तम. ढोलकी मात्र आवरावी लागते. ती लावणीचे लचके द्यायला लागली की खिंड बाजूलाच राहते.

गद्य सुरू झालं की डफ आणि ढोलकी थांबतात, तुणतुणं हळू चालू राहतं. त्यामुळे सूर सुटत नाही आणि पुढचा चौक नेमक्या पट्टीत उचलता येतो.

गद्य आणि कटाव

गद्य पाठ केलेल्या भाषणासारखं झालं की लोक मोबाइल काढतात. ते समोरच्या दोन-तीन माणसांकडे बघून बोलायचं असतं. ‘तर मंडळी, पाठीवर मसूदची फौज, पुढं चढण, आणि रात्रभर चालून पाय सुजलेले. बाजी म्हणाला, राजं, तुम्ही गड गाठा, इथलं मी बघतो.’ एवढंच. वाक्यं तोकडी, क्रियापदं ठळक. बाजीचं बोलणं शांत आवाजात म्हणा, कारण लगेच कटाव येतो आणि फरक तिथे कळतो.

कटाव म्हणजे वेगाने, जवळजवळ न थांबता म्हटलेले छोटे तुकडे :

खिंड अरुंद, वाट निसरडी, वर दरड, खाली पाणी,
बाजी उभा, पट्टा फिरं, एक पडं, दुसरा चढं,
दुसरा पडं, तिसरा पुढं, तिसरा पडं, चौथा भिडं,
घाव छातीत, घाव खांद्यात, पाय मात्र रोवला चिखलात, जी जी रं जी ॥

हे आधी हळू, अक्षर न् अक्षर तोडून म्हणा, मग रोज थोडा वेग वाढवा. ‘पडं’, ‘चढं’, ‘भिडं’ यांतले ड-ढ वेगळे ऐकू आले पाहिजेत. वेगात त्यांचा लगदा होत असेल तर तुमच्या जिभेचा वेग अजून तेवढा नाही, एक पायरी खाली या. श्वास कुठे चोरायचा ते आधीच ठरवा. इथे ती जागा ‘चौथा भिडं’नंतर आहे. कटावात डफ फक्त ठोके देतो, बोल वाजवत नाही.

आवाज कुठे राखायचा

खडा आवाज पोटातून येतो, गळा आवळून काढलेला आवाज फार तर एक चौक टिकतो. तालमीनंतर घशात खवखव राहत असेल तर गळ्याने ओढताय हे समजा. पहिला चौक आपल्या ताकदीच्या जेमतेम अर्ध्यावर गा. पाठलागाला लय चढवा, आवाज नको. संपूर्ण आवाज फक्त झुंजीच्या चौकाला. माइक असेल तर डफ त्याच्यापासून हातभर लांब धरा, नाहीतर लोकांना डफच ऐकू येतो.

तोफांच्या चौकात बरेच फड ढोलकीचा गडगडाट करतात. त्यापेक्षा सगळी वाद्यं एकदम तोडा, दोन मात्रा रिकाम्या जाऊ द्या आणि डफावर एकच भरदार थाप मारा. तोफ तिथे ऐकू येते. किती बार झाले याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून ओळीत संख्या न घातलेली बरी.

बाजीच्या मरणावर लय उतरवून रडवेला सूर लावायची पद्धत अलीकडे वाढली आहे. मला ती पटत नाही. लय तीच ठेवा, शब्द साधे ठेवा, आणि झील नेहमीपेक्षा एकदा जास्त येऊ द्या.

शेवटच्या चौकात शाहिराची नाममुद्रा येते. अज्ञानदासाने आपलं नाव असंच गुंफलं आहे. तुम्हीही आपलं किंवा फडाचं नाव शेवटच्या दोन ओळींत घाला, मुजरा करा, आणि झीलकऱ्यांनी ‘जी’ सोडल्याबरोबर डफावर थाप देऊन थांबा. त्यानंतर घोषणा, आभार किंवा आणखी एखादा चौक जोडायचा आग्रह झाला तर तो निवेदकाकडे सोपवा.