दसऱ्याच्या शुभेच्छा आणि थांबलेली कोटेशने: ईमेल पाठवण्यापूर्वीची तयारी

दसऱ्याच्या साधारण दहा दिवस आधी कोटेशनांची फाइल उघडावी आणि गेल्या सहा ते अठरा महिन्यांत ज्यांच्याशी बोलणे मध्येच थांबले, तेवढीच नावे वेगळी काढावीत. ज्यांनी स्पष्ट नकार दिला किंवा पुन्हा लिहू नका असे कळवले, त्यांना या यादीत स्थान नाही. प्रत्येक नावापुढे बोलणे नेमके कोठे अडले ते एका वाक्यात लिहावे, आणि ज्याच्यापुढे असे वाक्य सुचत नाही त्याला शुभेच्छा पाठवूच नयेत, कारण ते पत्र कोणालाही पाठवता येईल असेच होणार.

उदाहरणार्थ, एअर कॉम्प्रेसर विकणाऱ्या भोसरीच्या एखाद्या व्यावसायिकाच्या यादीत अशी नोंद असेल: ‘१५ किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर, कोटेशन गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, नव्या शेडचे काम संपल्यावर पाहू, असे मेंटेनन्स मॅनेजर म्हणाले.’ हे गृहस्थ अजून त्याच कंपनीत आहेत का, हे फोन करून विचारून घ्यावे. मग मजकूर असा होतो:

‘नमस्कार. खंडेनवमीच्या पूजेसाठी आपल्याकडे यंत्रांची साफसफाई सुरू असेल. आपणां सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नव्या शेडसाठी कॉम्प्रेसरविषयी आपले बोलणे झाले होते. ते काम पूर्ण झाले का, की हा विषय पुढच्या आर्थिक वर्षात गेला आहे?’

शेवटच्या प्रश्नाला ‘पुढच्या वर्षी’ एवढेच उत्तर देता येते आणि ते देताना संकोच वाटत नाही, हे महत्त्वाचे. याच पत्रात नवे कोटेशन किंवा कॅटलॉग जोडला की शुभेच्छा हे निमित्त होते, हे उघडे पडते. तोरणाचे आणि आपट्याच्या पानांचे चित्रही नको. तसली चित्रे त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पुरेशी येतात.

शक्यतो जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे आधीचा संवाद खाली दिसतो. नव्या पत्राच्या विषयात मात्र खोटे ‘Re:’ घालू नये. पत्रे एकेक करून पाठवावीत. मेल मर्ज वापरायचाच असेल, तर आधी स्वतःच्या पत्त्यावर चार-पाच पत्रे पाठवून नाव आणि तपशील एकाच ओळीतले आहेत ना, हे पडताळावे. एक्सेलमध्ये एकच स्तंभ क्रमवार लावला गेला, तर एकाची शेड दुसऱ्याच्या पत्रात जाते.

पत्र सणाच्या तीन-चार दिवस आधी, कामाच्या दिवशी सकाळी जावे. रोज दहाच पत्रे पाठवावीत, म्हणजे आलेल्या उत्तराला त्याच दिवशी जबाब देता येतो; त्यासाठी आजचा दर आणि पुरवठ्याची मुदत आधीच काढून ठेवावी. उत्तर न आल्यास दिवाळीनंतर एकदाच, शुभेच्छांशिवाय, त्याच प्रश्नाची आठवण करावी आणि तरीही काही न आल्यास ते नाव पुढच्या दसऱ्याच्या यादीतून काढावे.