किचकट अहवालातून वादविवादाचं टिपण कसं काढायचं

वादविवाद स्पर्धेचा विषय जाहीर झाला की मुलं एखादा जाडजूड अहवाल मिळवतात, पिवळ्या पेनाने निम्मा रंगवतात आणि त्याचा दोन पानी सारांश लिहितात. त्यांना असं करायला सांगणारे शिक्षकही भरपूर आहेत. पण सारांश म्हणजे लेखकाचं म्हणणं त्याच्याच क्रमाने पुन्हा सांगणं. समोरच्याने उठून ‘हा आकडा कुणाचा?’ असं विचारलं की त्या दोन पानांत उत्तर सापडत नाही. म्हणून सारांश लिहूच नका, थेट टिपणाकडे या.

उदाहरणाला आपल्याकडचाच विषय घेऊ: ‘मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदी घालावी.’ वाचायला आहे २०१९ मध्ये तत्कालीन औरंगाबाद विभागीय आयुक्तांनी शासनाला दिलेला अहवाल, ज्यात अशा बंदीची शिफारस होती. जोडीला कृषी खर्च व मूल्य आयोगाचा ऊस दराबाबतचा अहवाल.

पहिली पायरी: विषयाचं वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहा आणि त्यातला भांडणाचा शब्द अधोरेखित करा. इथे तो ‘ऊस’ नाही, ‘बंदी’ आहे. अहवाल मुख्यतः पाण्याबद्दल बोलतो, विषय मात्र बंदीबद्दल विचारतो. ऊस पाणी पितो हे सिद्ध केलं म्हणून बंदी सिद्ध होत नाही. मधली ही फट बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या पक्षाला बुजवायची आहे आणि विरोधात बोलणाऱ्या विपक्षाला उघडी ठेवायची आहे.

दुसरी पायरी: वाचताना फक्त दावे टिपा, प्रत्येक दावा एका ओळीत, समोर पान क्रमांक. प्रस्तावना आणि आभार सोडून द्या. तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप मात्र सोडू नका.

तिसरी पायरी: पुराव्याची ओळ. सगळं घोडं इथेच अडतं. मलाही सगळ्यात जास्त त्रास याच पायरीने दिला, म्हणून इथे जरा थांबतो.

बहुतेक टिपणांत पुरावा असा येतो: ‘मराठवाड्यात ऊस २१७ टीएमसी पाणी पितो.’ ही पुराव्याची ओळ नाही, घोषणा आहे. ओळ पूर्ण व्हायला चार गोष्टी लागतात: कुणी सांगितलं, नेमकं काय मोजलं, कुठलं आणि कधीचं, आणि यातून काय सिद्ध होत नाही. चौथी गोष्ट कुणीच लिहीत नाही, कारण आपल्याच पुराव्याचं वैगुण्य आपल्याच हाताने लिहायला जिवावर येतं. पण ती लिहिल्याशिवाय खंडन सापडत नाही.

आता हा २१७ चा आकडा उघडून बघा. आयुक्तांच्या अहवालात उसाखालचं क्षेत्र सुमारे ३ लाख १३ हजार हेक्टर धरलं आहे आणि हेक्टरी गरज सुमारे १९६ लाख लिटर. दोन्हींचा गुणाकार केला की ६,१०० दशलक्ष घनमीटरच्या वर जातो, म्हणजेच २१७ टीएमसी. याचा अर्थ हे पाणी कुणी कालव्याच्या दारावर उभं राहून मोजलेलं नाही. ती पिकाची एकूण गरज आहे, क्षेत्राने गुणलेली.

एवढं कळलं की पुढचा हिशोब कागदावर करता येतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. १९६ लाख लिटरला १० हजारांनी भागा: १,९६० मिलिमीटर, जवळजवळ दोन मीटर. मराठवाड्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. तोही त्याच शेतावर पडतो आणि त्यातला काही भाग ऊसच घेतो. तेव्हा २१७ टीएमसी सगळं धरणातून आणि विहिरीतून उपसलेलं आहे, असं ज्याने म्हटलं त्याला विपक्षाने तिथेच धरलं म्हणून समजा.

‘दोन जायकवाड्या भरतील एवढं पाणी’ हेही असंच. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे तुलना आकड्यापुरती बरोबर आहे. पण लातूर-धाराशिवचा ऊस मांजरा-तेरणा खोऱ्यातला, आणि बराचसा विहिरी-बोअरवर. तो बंद केला म्हणून पैठणच्या जायकवाडीत पाणी वाढणार नाही. तुलना मापासाठी वापरा, कार्यकारणासाठी नको.

दुसरा सापळा आयोगाच्या वाक्यात आहे: ४ टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. वाक्य दमदार आहे आणि स्पर्धेत हमखास येतं, पण ते अख्ख्या महाराष्ट्राबद्दल आहे. ‘मराठवाड्यात ७० टक्के पाणी उसाला’ असं बोललात की पुरावा तुमच्याच हाताने मोडला.

चारही गोष्टी भरल्यावर ओळ अशी दिसते:

> विभागीय आयुक्तांचा अहवाल, २०१९ – मराठवाड्यातील सुमारे ३.१३ लाख हेक्टर उसाची एकूण पाण्याची गरज सुमारे २१७ टीएमसी. (गरज आहे, प्रत्यक्ष उपसा नव्हे; पाऊस वजा केलेला नाही.)

कंसातला भाग व्यासपीठावर बोलायचा नसतो, तो तुमच्यासाठी आहे. आणि एका मुद्द्याला अशी एकच ओळ पुरे. तीन-तीन आकडे लावणारी मुलं परीक्षकाच्या लक्षात राहत नाहीत.

चौथी पायरी: कंसातून खंडन काढा. ‘विरोधक काय म्हणतील याची कल्पना करा’ हा सल्ला मला बिनकामाचा वाटतो. कल्पना करायला बसलं की माणूस सोपा विरोधक कल्पितो. त्याऐवजी कंसातलं वाक्य उचला आणि विपक्षाच्या तोंडी घाला: ‘माननीय वक्त्यांनी उसाच्या गरजेतून पाऊस वजा केला नाही.’ हेच येऊ घातलेलं खंडन. आता त्यावर तुमचं उत्तर हवं, आणि ते आकड्यात नाही, पिकाच्या वेळापत्रकात आहे. ऊस बारा महिने किंवा त्याहून जास्त शेतात उभा असतो. फेब्रुवारी ते मे त्याला पाणी द्यावंच लागतं आणि त्या महिन्यांत पाऊस फारच थोडा. गावात टँकर सुरू होतो तोही याच महिन्यांत. म्हणजे वर्षाच्या बेरजेत पाऊस वजा केला तरी उन्हाळ्यातली ओढाताण तशीच राहते. हे उत्तर २१७ पेक्षा मजबूत आहे, आणि कंस लिहिला नसता तर ते सुचलंही नसतं.

त्यावर विपक्ष म्हणेल, ‘आमची विहीर, आमचं पाणी.’ उत्तर: भूगर्भातलं पाणी बांधाला थांबत नाही; एकाने खोल बोअर घेतला की शेजारच्याचा आड आटतो. बस, इथे थांबा. मुद्दा, खंडन, उत्तर आणि फार तर आणखी एक फेरी. त्यापुढे लिहिलेलं टिपणात शोधायला वेळ मिळत नाही.

पाचवी पायरी: आता दुसऱ्या बाजूने तेवढ्याच इमानाने. ‘पाच मुद्दे बाजूने, पाच विरोधात’ असा हिशेब जुळवू नका. या विषयात विपक्षाकडे माझ्या मते दोनच भक्कम मुद्दे आहेत आणि तेवढे पुरतात.

पहिला भावाचा. उसाच्या रास्त व किफायतशीर दराला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे, आणि त्यात १४ दिवसांत पैसे देण्याचं बंधन कारखान्यावर आहे. तूर-सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण बाजार समितीत त्याखाली सौदे होत राहतात. म्हणजे शेतकरी उसाकडे हट्टाने नाही, हिशोबाने जातो. कंसात लिहा: कायदा आहे, पण पैसे वेळेवर मिळतात असं यातून सिद्ध होत नाही. पक्षाचं खंडन तिथूनच येणार, कारण थकलेल्या ऊसबिलांसाठी साखर आयुक्तांना महसुली वसुलीचे आदेश काढावे लागतात हे जगजाहीर आहे. विपक्षाचं उत्तर: उशिरा का होईना, मागायला कायदा आहे, सोयाबीनवाल्याने कुणाकडे मागायचं?

दुसरा मुद्दा त्या सुरुवातीच्या फटीतला: पाणी वाचवायला बंदीच कशाला, ठिबक का नको? राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्येच उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला होता. ही ओळ विपक्ष मोठ्या आवाजात वाचतो आणि फसतो, कारण पक्षाला फक्त तारखा शेजारी ठेवायच्या असतात. २०१७ ला ठिबक सक्ती, आणि दोनच वर्षांनी विभागाचा सर्वोच्च अधिकारी बंदी मागतो. विपक्षाने हे आधीच ओळखून मुद्दा नीट बांधावा: ठिबकची सक्ती जिथे पोहोचली नाही, तिथे त्याच यंत्रणेकडून बंदी तरी कशी पोहोचेल? हे उत्तर मिळालं की माझ्या दृष्टीने विपक्षाचं टिपण तयार.

सहावी पायरी: मांडणी. एका मुद्द्याला एक पान; वर मुद्दा एका वाक्यात, खाली पुरावा, त्याखाली डावीकडे ‘ते म्हणतील’ आणि उजवीकडे ‘आम्ही म्हणू’.

शेवटी झडती. टिपण जोडीदाराच्या हातात द्या. त्याने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावं: कुणी म्हटलं? कशाचं? कुठलं? आणि याने काय सिद्ध होतं? उत्तर अडखळलं की ओळ खोडायची, कितीही लाडकी असली तरी. लातूरच्या पाण्याच्या रेल्वेची ओळ बहुतेकदा इथेच गळते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आपल्या भागात तर जास्तच. पण ती ओळ दुष्काळ सिद्ध करते, उसाचा दोष नाही. त्या काळात मांजरा धरणाच्या पाण्यातलं किती उसाला गेलं याची कागदोपत्री नोंद हाती असेल तरच ती टिपणात ठेवा. नसेल तर भाषणाच्या सुरुवातीला भावनेपुरती वापरा आणि पुराव्याच्या रकान्यातून काढून टाका.