करंट रेशो 2 असूनही पगाराला पैसे का पुरत नाहीत? ताळेबंदातून कसे ओळखावे

येत्या वर्षभरात फेडायच्या देण्यांसाठी धंद्याकडे पुरेसे काही आहे का, हे करंट रेशो म्हणजे चालू गुणोत्तर सांगते. त्यातून मालसाठा आणि आगाऊ भरलेले खर्च वगळले की क्विक रेशो मिळतो. दोन्ही काढायला पाच मिनिटे पुरतात. वेळ लागतो तो त्या दोघांमधल्या फरकाचा अर्थ लावायला.

आधी ताळेबंदातून दोन याद्या करा. उदाहरणादाखल एक घाऊक पेढी घेऊ, सगळे आकडे लाखांत. चालू मालमत्तेत रोख व बँक शिल्लक 4, ग्राहकांकडून येणे 26, मालसाठा 50 आणि आगाऊ भरलेले भाडे-विमा 4, असे एकूण 84. चालू देण्यांत पुरवठादार 28, बँक ओव्हरड्राफ्ट 8, पगार व कर 4 आणि मुदत कर्जाचे पुढील 12 महिन्यांचे हप्ते 2, एकूण 42. चूक बहुधा या शेवटच्या आकड्यात होते. कर्ज दीर्घ मुदतीचे म्हणून पूर्ण रक्कम दीर्घ मुदतीच्या देण्यांत ढकलली जाते आणि वर्षभरात द्यायचे हप्ते चालू देण्यांत यायचेच राहतात.

```
करंट रेशो = 84 / 42 = 2.0
क्विक रेशो = (84 − 50 − 4) / 42 = 0.71
```

आगाऊ भाडे वगळले, कारण त्याचे पैसे परत येत नाहीत. फक्त पुढचा खर्च वाचतो. मालसाठा वगळला, कारण तो आधी विकावा लागतो आणि उधारीवर विकला तर वसुलीचीही वाट पाहावी लागते.

पुस्तकात करंट रेशो 2 आणि क्विक रेशो 1 हे चांगले मानतात. त्या हिशेबाने पेढी पहिल्या परीक्षेत पास, दुसरीत नापास. याचा सरळ अर्थ असा की तिची ताकद गोदामात अडकली आहे. विक्री मंदावली की माल साचतो आणि करंट रेशो मात्र धडधाकट दिसत राहतो. म्हणून एकाच वर्षाचा आकडा पाहू नका. तीन वर्षांचे दोन्ही रेशो शेजारी मांडा. करंट स्थिर आणि क्विक घसरता असेल, तर गोदामाकडे वळा.

पुढची पायरी म्हणजे आकड्यांची झाडाझडती. येण्याची वयानुसार यादी मागवा. 26 पैकी 6 सहा महिन्यांहून जुने निघाले आणि साठ्यातला 15 चा माल वर्षभर हललेलाच नाही असे कळले, तर दोन्ही वजा करून पुन्हा भागाकार करा. करंट रेशो 63/42, म्हणजे 1.5 वर येतो आणि क्विक 24/42, म्हणजे 0.57 वर. कागदावरचा 2 असा विरघळतो.

ताळेबंदाच्या तारखेलाही भुलू नका. समजा, वर्षाच्या शेवटच्या दिवशी पेढीने हातची 4 रोख पुरवठादारांना देऊन टाकली. करंट रेशो 80/38, म्हणजे 2.11 झाला. क्विक मात्र 26/38, म्हणजे 0.68 वर उतरला. व्यवहार एकच, दिशा उलट. अंश आणि छेदातून सारखीच रक्कम वजा केली की 1 च्या वरचे गुणोत्तर वाढते आणि 1 च्या खालचे घटते, एवढेच गणित यामागे आहे. वर्षअखेरीस करंट रेशो अचानक सुधारला आणि रोख आटली, तर असे काही झाले का ते बँकेच्या उताऱ्यात पाहा.

तरीही दोन्ही रेशो एक गोष्ट सांगत नाहीत: कधी. त्यासाठी येत्या 30 दिवसांचा हिशेब वेगळा मांडा. पुरवठादारांचे 20 आणि पगार-कराचे 4 असे 24 द्यायचे आहेत. हाती रोख 4, वसुलीतून 9 येण्याची खात्री, म्हणजे 13. तूट 11. ओव्हरड्राफ्टची मर्यादा 15 असेल तर वापरायला 7 उरतात. ही न वापरलेली मर्यादा कुठल्याच रेशोत दिसत नाही, पण इथे कामाला येते. ती धरूनही 4 कमी पडतात. हे 4 महिन्याभरात रोख विक्रीतून आले पाहिजेत, नाहीतर एखाद्या पुरवठादाराकडून मुदत मागून घ्यावी लागेल.

धंद्याचा प्रकार पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. सुपरमार्केट माल रोखीने विकते आणि पुरवठादाराला नंतर पैसे देते. तिथे करंट रेशो 1 च्या खाली असूनही गाडी सुरळीत चालू शकते. तोच आकडा उधारीवर विकणाऱ्या कारखान्याचा असेल, तर तूट कुठून भरली जाते हे आधी विचारा.