सोडत काय सांगते? बालसखी प्रयोग वाचताना

पुण्यातल्या एखाद्या संस्थेत कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचं पहिलं काम हाती आलं की 'आरसीटी करू', म्हणजे सोडतीने गट पाडून त्यांची तुलना करू, हे वाक्य लवकरच कानावर पडतं. ही पद्धत काय दाखवते आणि कुठे गप्प बसते, हे समजून घ्यायला 'प्रथम' संस्थेचा बालसखी कार्यक्रम उत्तम आहे. मुंबई आणि वडोदऱ्याच्या मनपा शाळांत 2001 ते 2003 या काळात तो अभ्यासला गेला.

वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली एक तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या 15-20 मुलांना वर्गाबाहेर नेऊन रोज सुमारे दोन तास वाचन आणि गणिताचा पाया शिकवायची. सोडत शाळांची झाली, मुलांची नाही. काही शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, काहींना चौथीसाठी. म्हणजे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं आणि रुसून बाहेर पडायला कारण उरलं नाही. पहिल्या गटातल्या तिसरीची तुलना दुसऱ्या गटातल्या तिसरीशी करता आली. परिणाम पहिल्या वर्षी 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलनाइतका आला. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप. ते 20 असेल, तर 0.14 म्हणजे साधारण 3 गुण.

इतकं सोडतीच्या बळावर ठामपणे म्हणता येतं. यापुढे सावध राहायला हवं. बालसखीकडे कोणती मुलं पाठवायची हे शाळेत ठरायचं, चिठ्ठी टाकून नाही. त्यामुळे 'बाहेर गेलेल्या मुलांना किती फायदा झाला आणि वर्गात उरलेल्यांना किती' हा आकडा निव्वळ सोडतीतून निघत नाही, त्याला एक गृहीतक जोडावं लागतं. अहवाल वाचताना प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने लिहून ठेवा: हा सोडतीचा की गृहीतकाचा? मुंबईत दुसऱ्या वर्षी ठरलेल्या सगळ्या शाळांपर्यंत बालसखी पोचली नाही. अशा शाळा गाळून हिशेब केला तर सोडतीचा अर्थच जातो, कारण बालसखी न पोचलेल्या शाळा बहुधा इतरांपेक्षा वेगळ्या असतात. ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात त्या मोजायच्या.

नवख्यांचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो नमुन्याच्या आकारात. समजा पुण्यात 60 शाळा घेतल्या, निम्म्या कार्यक्रमात आणि निम्म्या तुलनेला, आणि प्रत्येक शाळेत 25 मुलं तपासली. 1500 मुलं भरपूर वाटतात. पण एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. हे साम्य, म्हणजे ρ, 0.2 धरलं आणि m म्हणजे प्रत्येक शाळेतली मुलं, तर `1 + (m − 1)ρ` या सूत्राने 1 + 24 × 0.2 = 5.8 येतं. 1500 भागिले 5.8, म्हणजे खरी माहिती सुमारे 259 मुलांइतकीच. नेहमीच्या निकषांनी, म्हणजे नसलेला परिणाम दिसण्याचा धोका 5 टक्के आणि असलेला परिणाम सापडण्याची शक्यता 80 टक्के धरून, यात 0.35 प्रमाण विचलनापेक्षा लहान परिणाम भरवशाने दिसत नाही. बालसखीचा 0.14 तर पार हरवेल, आणि अहवालात 'परिणाम नाही' असं छापलं जाईल. खरं तर प्रयोगालाच तो दिसला नसेल. तीच 1500 मुलं 150 शाळांत दहा-दहा वाटली तर मर्यादा 0.24 पर्यंत उतरते. सुरुवातीची चाचणी घेऊन ते गुण विश्लेषणात धरले तर आणखी खाली येते. शाळा वाढवणं महाग पडतं, प्रवास आणि परवानग्यांमुळे. पण एकाच शाळेत मुलं वाढवून फारसं काही हाती लागत नाही.

आता सर्वांत कठीण प्रश्न: बालसखीमुळे शिकणं सुधारलं, मग हेच काम मनपाच्या शिक्षकांनी केलं तर? मूळ प्रयोगाकडे याचं उत्तर नाही, कारण तिथे मुलांना बाजूला घेऊन शिकवणारी व्यक्ती संस्थेची होती. शिकवण्याची ही पद्धत पुढे सरकारी यंत्रणेतून राबवली गेली, तेव्हा बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन चाचणीचे गुण हलले नाहीत. हरियाणात मात्र वेळापत्रकात खास तास राखला, मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट केले आणि पर्यवेक्षक शाळांना भेटत राहिले. तिथे हिंदीत सुधारणा दिसली. शिकवण्याची पद्धत तीच होती, ती राबवणारी चौकट बदलली होती.

म्हणून पुण्यात असा अभ्यास आखताना सोडतीतच तिसरा गट ठेवावा: बालसखीसारखी संस्थेची ताई, मनपाचा शिक्षक (राखीव तासासह) आणि तुलनेच्या शाळा. त्याची किंमत आधीच मोजा. 150 शाळांचे 50-50-50 केले की कोणत्याही दोन गटांच्या तुलनेला 100 शाळाच उरतात आणि मर्यादा पुन्हा 0.3 च्या आसपास जाते. ताई आणि शिक्षक यांच्यातला फरक त्याहून लहान असण्याची शक्यता असेल, तर परवानगीचा अर्ज करण्यापूर्वीच शाळांची संख्या वाढवावी लागेल.