स्कोलिओसिस आणि दम लागणं: फुफ्फुसाचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पाठीचा कणा वाकडा असलेल्या मुलीला जिना चढताना दम लागायला लागला की घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, आणि बऱ्याचदा कुणीतरी दम्याचा पंप सुरू करून मोकळं होतं. पण फुफ्फुसं बहुतेक वेळा ठीकच असतात, अडचण त्यांच्याभोवतीच्या पिंजऱ्यात असते.

प्रत्येक बरगडी मागे मणक्याला लहान लहान सांध्यांनी जोडलेली असते आणि श्वास घेताना बादलीची कडी उचलावी तशी ती बाहेर-वर उचलली जाते, त्यानेच छाती रुंद होते. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, मणके स्वतःभोवती फिरतातही, आणि बरगड्या त्यांच्यासोबत ओढल्या जातात. बाकाच्या बाहेरच्या बाजूला त्या मागे ढकलल्या जाऊन फाकतात (पुढे वाकल्यावर पाठीवर दिसणारा उंचवटा तो हाच), आतल्या बाजूला एकमेकींवर दाटीने बसतात. दोन्हीकडे सांध्याची दिशाच बिघडलेली, बरगड्यांमधल्या स्नायूंची लांबीही बिघडलेली, त्यामुळे तेवढीच हवा आत घ्यायला जास्त जोर लागतो आणि शरीर छोटे छोटे भरभर श्वास घेऊन वेळ मारून नेतं.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे मशीनमध्ये फुंकर मारून करतात त्या फुफ्फुसाच्या तपासणीत, हे असं दिसतं: पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेली एकूण हवा, म्हणजे एफव्हीसी, कमी, पण त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा जेवढ्या प्रमाणात यायला हवी तेवढी येते. दम्यात मुख्यतः हे प्रमाणच घसरतं. म्हणून प्रमाण न बघता पंप देऊ नका. मात्र प्रमाण खरंच कमी आलं तर तेही सोडून देऊ नका, फिरलेल्या कण्यामुळे कधीकधी मोठी श्वासनळीच दाबली जाते.

आता सगळ्यात कॉमन चूक, उंचीची. मशीन नॉर्मल आकडा काढतं वय, लिंग आणि उंचीवरून. कणाच वाकलाय तर उभं करून मोजलेली उंची खोटी कमी येणार, मग नॉर्मल आकडाही खोटा कमी आणि टक्केवारी खोटी चांगली. समजा 15 वर्षांची मुलगी आहे, उंची 142 सेमी, एफव्हीसी 1.6 लिटर, आणि या उंचीला मशीन अंदाजे 2.4 लिटर अपेक्षित धरतंय, म्हणजे 67 टक्के. आता तिला भिंतीला पाठ लावून, हात खांद्याच्या रेषेत पूर्ण पसरून, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं तर 154 सेमी भरतात. त्या हिशोबाने अपेक्षित आकडा 2.9 च्या आसपास जातो आणि तीच मुलगी 55 टक्क्यांवर येते. फुंकर तीच, पण सौम्य वाटणारा रिपोर्ट आता बराच वाईट दिसतो.

हीच गोष्ट ऑपरेशननंतर उलटी फसवते. कणा सरळ केल्यावर उंची एकदम वाढते, मशीन मोठा आकडा अपेक्षित धरतं, लिटर तेवढेच असले तरी टक्केवारी खाली येते आणि आईवडील घाबरतात की ऑपरेशनने फुफ्फुस बिघडलं. तेव्हा दर वेळी उंचीऐवजी पसरलेल्या हातांची लांबीच वापरा, रिपोर्टवर तसं लिहायला सांगा आणि तुलना आधी लिटरमध्ये करा.

नुसत्या कॉब अँगलवर, म्हणजे एक्स-रेवर मोजलेल्या बाकाच्या अंशांवर, विसंबणं हीपण चूकच. 50-60 अंशांच्या पुढे श्वासावर परिणाम होण्याची शक्यता वाढते हे खरं, पण बाक छातीत किती वर आहे, किती मणके त्यात आलेत, छातीच्या भागातली नैसर्गिक गोलाई सपाट झालीय का, यावरही बरंच अवलंबून असतं. आणि बाक लहानपणीच, पाच-सहा वर्षांच्या आत सुरू झाला असेल तर जास्त जपायला हवं, कारण फुफ्फुसातले वायुकोश वाढायच्या वयातच पिंजरा अरुंद राहतो.

शेवटची चूक मोठ्या माणसांत होते, मला तीच सगळ्यात धोक्याची वाटते. लहानपणी मणक्याच्या टीबीने पाठीत कुबड आलेली कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत, चाळिशी-पन्नाशीत त्यांना सकाळी डोकं जड, दिवसा झोप, पायाला सूज असं सुरू होतं. स्वप्नं पडतात त्या झोपेत बरगड्यांचे स्नायू सैल पडतात, सगळं काम एकट्या डायफ्रामवर, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूवर, येतं, श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. दिवसा बोटावरचं ऑक्सिमीटर 95 दाखवतं म्हणून निश्चिंत राहू नका, ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. ऑक्सिजन कमी दिसला म्हणून घरी नुसता सिलेंडर लावून झोपवलं तर आकडा सुधारतो पण साचलेला गॅस तसाच राहतो किंवा वाढतो. अशा पेशंटची धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी आणि स्लीप स्टडी करून घ्या. गॅस साचतोय असं निघालं तर गरज असते ती मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या बायपॅपची, आणि ऑक्सिजन लागलाच तर तो त्याच्या जोडीला द्यायचा.