प्रयोग ओळखायला बसण्यापूर्वी काय काय हाताशी हवे

‘मी तुला पत्र लिहिले’ हे चार शब्दांचे वाक्य आहे, आणि प्रयोगाची उजळणी करणाऱ्याला मी सगळ्यांत आधी हेच वाक्य देतो, कारण त्याची तिन्ही उत्तरे मिळतात. ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही म्हणून कोणी कर्तरी म्हणतो, ‘लिहिले’ हे नपुंसकलिंगी एकवचन दिसते आणि वाक्यात ‘तुला’ही आहे म्हणून कोणी भावे म्हणतो, उरलेले बिचकत कर्मणी म्हणतात, पण का ते त्यांना सांगता येत नाही. व्याख्या तर तिघांनाही पाठ असतात. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंग, वचन आणि पुरुषाप्रमाणे बदलते, कर्मणीत कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते आणि भावेत ते कोणाचेच न ऐकता तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी राहते. तिन्ही व्याख्या ‘बदलते की नाही’ यावर उभ्या आहेत, आणि समोरच्या एकट्या वाक्यात बदल कधीच दिसत नसतो. तो करून पाहावा लागतो. पुढची यादी त्या करून पाहण्याच्या तयारीची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बदलीचे शब्द आधीच ठरवून ठेवावेत, ऐन वेळी शोधत बसू नये. कर्त्याच्या जागी घालायला मुलगा, मुलगी आणि मुलगे हे तीन शब्द पुरतात. कर्माच्या जागी घालायला कागद, चिठ्ठी, पत्र आणि त्यांची अनेकवचने म्हणजे कागद, चिठ्ठ्या, पत्रे एवढे शब्द ठेवावेत, कारण त्यांत तिन्ही लिंगे आली. बदल करताना तीन पथ्ये पाळायची असतात. एका वेळी एकच शब्द बदलायचा. ‘मुलगा कागद फाडतो’ या वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही पुल्लिंगी आहेत, तेव्हा दोन्ही एकदम बदलले तर क्रियापद कोणामागे गेले ते कळणारच नाही. शब्दाला लागलेला प्रत्यय तसाच ठेवायचा, म्हणजे ‘मुलीला’च्या जागी ‘मुलाला’ घालायचे, ‘मुलगा’ नाही. आणि काळ किंवा अर्थ हलवायचा नाही. ‘मुलीने चिठ्ठी फाडली’ हे वाक्य तपासताना ‘मुली चिठ्ठी फाडतात’ असे लिहून कर्तरी ठरवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांनी कर्त्याचे वचन बदलले खरे, पण ‘ने’ही गेला, काळही बदलला आणि वाक्यच दुसरे झाले होते.

दुसरी गोष्ट सर्वनामांची, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ ही रूपे प्रथमेत आणि तृतीयेत सारखीच असतात, त्यामुळे ‘ने’ दिसत नाही एवढ्यावरून कर्ता प्रथमेत आहे असे धरता येत नाही. उपाय सोपा आहे: अशा सर्वनामाच्या जागी तृतीय पुरुषाचे सर्वनाम घालून वाक्य कानाला कसे लागते ते पाहावे. ‘मी चिठ्ठी वाचतो’ याचे ‘तो चिठ्ठी वाचतो’ होते, म्हणून तिथला ‘मी’ प्रथमेतला आहे. ‘मी चिठ्ठी वाचली’ याचे मात्र ‘त्याने चिठ्ठी वाचली’ होते. ‘तो चिठ्ठी वाचली’ असे कोणीही मराठी माणूस म्हणणार नाही, म्हणून इथला ‘मी’ तृतीयेतला आहे. ‘मी लवकर उठावे’ याचेही ‘त्याने लवकर उठावे’ असेच होते.

तिसरी गोष्ट म्हणजे कर्ता शोधण्याचा प्रश्न नेमका कसा विचारायचा ते. क्रियापदाच्या मूळ धातूला ‘णारा’ लावून ‘कोण?’ असे विचारावे. ‘मला ही कविता आवडली’ या वाक्यात आवडणारी कोण, तर कविता. म्हणून परंपरागत व्याकरणाप्रमाणे कविता हाच कर्ता, वाक्यात कर्म नाही आणि प्रयोग अकर्मक कर्तरी. ‘मला’ माणसाचे आहे म्हणून त्याला कर्ता मानले आणि कवितेला कर्म, तर तेच वाक्य कर्मणी वाटू लागते. याउलट ‘आजींना पायऱ्या चढवत नाहीत’ या वाक्यात क्रियापद शक्य अर्थाचे आहे, मूळ धातू ‘चढ’, आणि चढणाऱ्या आजी; म्हणजे इथे ‘ला’, ‘ना’ लागलेला शब्दच कर्ता आहे. चढण्याची वस्तू पायऱ्या. ‘आजींना जिना चढवत नाही’ असे करून पाहिले की ‘नाहीत’चे ‘नाही’ होते, म्हणजे क्रियापद कर्माच्या वचनामागे जाते आणि प्रयोग कर्मणी ठरतो. या नकारार्थी रूपात लिंग दिसत नाही, वचन तेवढे दिसते. भविष्यकाळातल्या ‘वाचेल’, ‘वाचतील’ या रूपांचेही तसेच आहे, म्हणून अशा ठिकाणी आधी वचन बदलून पाहावे. नुसते ‘आजींना चालवत नाही’ म्हटले तर कर्मच नाही. ‘आजोबांना’, ‘मला’, ‘त्यांना’ काहीही घातले तरी ‘चालवत नाही’ हलत नाही, आणि तो भावे प्रयोग होतो.

चौथी तयारी कर्माची. कर्माला प्रत्यय लागला आहे का, हे पाहिल्याशिवाय कर्मणी आणि भावे यांच्यातला निवाडा होत नाही. ‘तिने मुलगी पाहिली’ आणि ‘तिने मुलीला पाहिले’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात मुलगीच्या जागी मुलगा घातला तर ‘पाहिला’ होते आणि मुलगे घातले तर ‘पाहिले’. दुसऱ्यात मुलाला, मुलींना, मुलग्यांना काहीही घाला, क्रियापद ‘पाहिले’च राहते. पहिले कर्मणी, दुसरे भावे. मात्र वाक्यात ‘ला’ दिसला की भावे, असा उलटा नियम करू नये. देणे, सांगणे, लिहिणे या क्रियांना बहुधा दोन कर्मे असतात. ज्याला दिले तो अप्रत्यक्ष कर्म आणि जे दिले ते प्रत्यक्ष कर्म. प्रयोग ठरवताना प्रत्यक्ष कर्माकडे पाहायचे, ‘ला’ लागलेल्या अप्रत्यक्ष कर्माकडे नाही.

आता सुरुवातीचे वाक्य हातात घ्यावे. ‘मी तुला पत्र लिहिले’: लिहिणारा कोण, तर मी, ‘मी’च्या जागी तृतीय पुरुष घातल्यावर ‘त्याने तुला पत्र लिहिले’ होते, म्हणजे कर्ता तृतीयेत आणि कर्तरी बाद. तरी खात्रीसाठी ‘तिने’, ‘त्यांनी’ घालून पाहावे. ‘लिहिले’ जागचे हलत नाही. लिहिण्याची वस्तू पत्र, तिला प्रत्यय नाही. ‘तुला’ हे अप्रत्यक्ष कर्म. पत्राच्या जागी चिठ्ठी घातली की ‘लिहिली’, चिठ्ठ्या घातल्या की ‘लिहिल्या’. क्रियापद कर्मामागे गेले, म्हणून कर्मणी. ‘लिहिले’ नपुंसकलिंगी होते ते पत्र नपुंसकलिंगी असल्यामुळे, भावे प्रयोगामुळे नव्हे, आणि नपुंसकलिंगी एकवचनी कर्म असलेल्या प्रत्येक वाक्यात हाच चकवा बसतो. त्याच्या शेजारी ‘मी तुला बोलावले’ ठेवले की फरक उघडा पडतो: इथे बोलावण्याचे कर्मच ‘तुला’ आहे, आणि ‘तिला’, ‘त्यांना’ घालूनही ‘बोलावले’ तसेच राहते, म्हणून भावे.

पाचवी तयारी म्हणजे फसव्या क्रियापदांची एक छोटी टिपणी. सकर्मक धातू भूतकाळात आला की प्रयोग कर्मणी किंवा भावे, हा आडाखा पुष्कळदा जमतो, पण विसरणे, शिकणे, बोलणे यांसारखे धातू त्याला जुमानत नाहीत. ‘ती पत्ता विसरली’, ‘तो पत्ता विसरला’ हे कर्तरीच. काही धातू दोन्हीकडे जातात: ‘ती स्पर्धा जिंकली’ असेही म्हणतात आणि ‘तिने स्पर्धा जिंकली’ असेही, दोन्ही ठिकाणी ‘जिंकली’च असल्याने डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कर्ता पुल्लिंगी केला की पहिल्याचे ‘तो स्पर्धा जिंकला’ होते आणि दुसऱ्याचे ‘त्याने स्पर्धा जिंकली’. म्हणणे या धातूने तर दोन रूपेच वाटून घेतली आहेत, ‘म्हणाला’ कर्त्याच्या मागे जाते आणि ‘तिने कविता म्हटली’मधले ‘म्हटली’ कर्माच्या. मला हे फार गमतीचे वाटते.

संयुक्त क्रियापद असेल तर पुढच्या, सहायक शब्दाकडे नजर ठेवावी. ‘मी पुस्तक वाचून काढले’ आणि ‘मी पुस्तक वाचत बसलो’ या दोन्हींत वाचणारा मी आणि वाचण्याची वस्तू पुस्तकच. तरी पोथी घातल्यावर पहिल्याचे ‘वाचून काढली’ होते आणि दुसरे ‘वाचत बसलो’च राहते. काढणे सकर्मक आणि बसणे अकर्मक, आणि भूतकाळात प्रयोग त्यांनीच ठरवला.

विध्यर्थात काळावर भिस्त ठेवता येत नाही. ‘पाऊस यावा’ आणि ‘पावसाने यावे’ या दोन्हींत इच्छाच आहे, पण ‘सर यावी, सरी याव्यात’ अशी पहिल्याची रूपे कर्त्यामागे जातात आणि दुसऱ्याचे ‘यावे’ ढिम्म राहते. पहिले कर्तरी, दुसरे भावे. ‘उजाडले’, ‘गडगडते’ अशा वाक्यांत बदलायला कर्ताच नसतो. त्यांना काही पुस्तके भावकर्तरी म्हणतात, काही अकर्तृक भावे; आपल्या अभ्यासक्रमातले नाव तेवढे पाहून ठेवावे.

एक प्रकार या चाचणीतून सरळ बाहेर पडत नाही, त्याची तयारी वेगळी हवी. ‘तू मला पत्र लिहिलेस’ या वाक्यात पत्राच्या जागी चिठ्ठी घातली की ‘लिहिलीस’ होते, म्हणजे क्रियापद कर्मामागे गेले. पण ‘तू’च्या जागी ‘त्याने’ घातले की शेवटचा ‘स’ गळतो, म्हणजे ते कर्त्याच्याही मागे गेले. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, आणि म्हणून त्याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. ‘तू मला बोलावलेस’मध्ये कर्म बदलून काही होत नाही, ‘स’ मात्र कर्त्यामुळे आला आहे, तो कर्तृ-भावसंकर. भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी असा ‘स’ दिसला आणि कर्ता तृतीयेतला ‘तू’ असला, की एका चाचणीवर न थांबता दोन्ही शब्द आळीपाळीने बदलून पाहावेत.